तीन दिवसांचा खल

गुरुजी, तुमचं चुकलं होतं. तुम्ही होतात तेव्हा हे बोलायची छाती नव्हती, म्हणून आता लिहितो.

नौपाड्यातली तुमची ओटी. मी तेव्हा एका वखारीत कारकून, मिठागरवाल्या गावातला पहिला लिहिता माणूस. आमच्या विहिरीच्या वाटेवर एका गोदामवाल्याने भिंत घालायला घेतली होती आणि मामलेदार कचेरीत द्यायचा अर्ज मी तुम्हाला दाखवायला आणला होता. ‘गावाने तीन दिवस खल केला’ या ओळीवर तुम्ही लाल पेन्सिल टेकवलीत. "खल? हा काय बाजार आहे? चिंतन लिही. जरा भारदस्त वाटू दे." मी हळूच म्हणालो, "गुरुजी, मग विचार लिहू?" "विचार काय, कोणीही करतो! आणि तुझं हे एकच गोष्ट घोळवत बसणं सोड. रवंथ गुरं करतात, माणसं मनन करतात." ओटीवरची मंडळी हसली. मीही हसलो, आणि चिंतन लिहिलं.

कचेरीतल्या अव्वल कारकुनाने अर्ज वाचला आणि परत सरकवला. "चिंतन चालू द्या. काही ठरलं की या." भिंत तोवर कमरेएवढी आली होती. गावात अर्ज वाचून दाखवला तर माझी आत्या कडाडली, "चिंतन? अरे, आमी तीन दिस भांडलो, माझा घसा बसला, नि तू आमाला डोळे मिटून बसवलंस व्हय रे?"

तिचंच बरोबर होतं. चिंतन एकट्याचं, शांत. ते संपलंच पाहिजे असं नाही. मनन वाचल्या-ऐकल्यावरचं. घोळवतो ते मनातल्या मनात, अर्धवट. रवंथ म्हणजे तेच तेच पुन्हा चघळणं, आणि ते दुसऱ्याला हिणवायलाच म्हणतात. खलाला मात्र चार माणसं लागतात, आणि विरोधही लागतो. आमच्याकडे बैठकीत ज्याला मान्य नाही त्याला आधी बोलायला लावतात. तुमच्या ओटीवर तसं कधी झालं नाही, गुरुजी.

दुसरा अर्ज मी तुम्हाला न दाखवता दिला: ‘गावाने तीन दिवस खल केला. अर्ज करायला दोघांचा विरोध होता, तो मिटला.’ कारकुनाने मान वर केली. "विरोध कोणाचा?" मागे उभे असलेले ते दोघे पुढे झाले. "आमचा होता. आता नाय." त्याच आठवड्यात पाहणीला माणूस आला आणि भिंत थांबली.

आज माझ्या स्वतःच्या धंद्यात मी भल्याभल्यांची पत्रं वाचतो. कोणी ‘चिंतन सुरू आहे’ लिहिलं की समजतो, हा काही करणार नाही. ही अक्कल तुमच्या लाल पेन्सिलीने नाही दिली.

एक मात्र कबूल करतो. तो दुसरा अर्ज कोणी लिहून दिला, असं गावाने विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. माझ्या एकट्याच्या शब्दावर उभं राहायची तेव्हा मलाच भीती वाटली.