आतल्या बाईला छदामही देऊ नये

मी, अर्डिस लुंडक्विस्ट, राहणार बर्चफोर्ड, मिनेसोटा, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. शेजारीण डोरीनने माझे खोडरबर, कात्री आणि कोरे कागद लपवून ठेवले आहेत. याला दबाव म्हणत असतील तर तो मला मंजूर आहे.

आधीची मृत्युपत्रे शेगडीत गेली. एकाचा समास वाकडा, एकावर शाईचा ठिपका. माझ्या आत एक बाई बसते, तिला काही पसंतच पडत नाही. वकील ओरडला, "बाई, कागद नसेल तर घर तुमच्या भावाला जाईल. मारिट सावत्र, तिला कायद्याने काही मिळणार नाही." मारिट माझ्या नवऱ्याची लेक. वाढवली मी.

तर घर, परसू आणि बँकेतले सगळे मारिटला. भाऊ वेंडेल याला जुनी वल्ही. नव्या बोटीची मिजास त्याने पुष्कळ ऐकवली, आता मारावीत.

माझी एक गोधडी जत्रेतल्या स्पर्धेत दुसरी आली. आतली बाई म्हणाली, "खालचा कोपरा बघ." पहिली आली असती तर म्हणाली असती, "यंदा शिवणाऱ्याच कुठे होत्या?" तिच्यापुढे जिंकायची सोयच नाही. वर म्हणते, "मी नसते तर तू गबाळी झाली असतीस." जन्मभर मला ते खरे वाटले.

आमच्याकडे मोठ्यात मोठी शाबासकी म्हणजे "वाईट नाही". माझा नवरा ऑर्विल होता तोवर रोज जेवून तेच म्हणायचा. बाई कानात सांगायची, मीठ जास्त झाले. बिचारा जीव लावत होता आणि मी मीठ कमी करत होते.

मारिटच्या लग्नाची गोधडी पेटीत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी एक टाका तिरपा दिसला. उसवला, तर शेजारचा खटकला. लग्नात मी टोस्टर दिला. आता तिची मुलगी लग्नाची झाली तरी गोधडी अर्धी उसवलेलीच. परवा मारिट फोनवर म्हणाली, "आई, टाके कोण मोजतंय? मला थंडी वाजते." मी हसत सुटले, डोळे पुसत बसले. गोधडी आहे तशी आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

आतल्या बाईला छदामही नाही. तिला माझ्याबरोबर पुरावे. दगडावर "वाईट नाही" एवढेच कोरावे. अक्षरे तिरकी आली तर तशीच राहू द्यावीत.

वर "परस"चे "परसू" झाले आहे. बाई म्हणते, नव्या कागदावर उतरव. उतरवणार नाही.

अर्डिस लुंडक्विस्ट (सही रेषेखाली गेली, जाऊ दे)
बर्चफोर्ड, १४ ऑक्टोबर

साक्षीदार: गॉर्डन हेल्गेसन. माझ्यासमोर सही झाली.
साक्षीदार: डोरीन पफाइफर. सही झाल्यावर अर्डिसने कागद परत मागितला. दिला नाही. गोधडी माझ्या गाडीत आहे, मी मारिटकडे निघाले.