रामनामाच्या वहीचं शेवटचं पान

मळा, शिरूर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
धाकट्या मच्छिंद्रचा शि.सा.न.

गेल्या सोमवारी पहाटे मी काय केलं ते कुणालाच सांगितलेलं नाही. आंघोळ करून ओल्या पंच्यानं देवाकडं जायचं सोडून बॅटरी घेतली, गोठ्यात लावलेल्या नीलमच्या स्कूटीजवळ गेलो आणि उजेड पाडून किलोमीटरचा आकडा वाचला. मग देवापुढं बसून रामनामाची वही उघडली, रोजची एकशे आठ नावं लिहिली आणि शेवटच्या पानावर तो आकडा टिपला. असं महिनाभर चाललंय, अक्का. पुढून राम, मागून बायकोचा संशय.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्या घरी फोन कायम स्पीकरवर, आणि दाजी मध्येच विचारणार की शेवंतीला काय भाव निघाला.

आपल्या मळ्यापासून मार्केट यार्ड नऊ किलोमीटर. जाऊन-येऊन अठरा. मागल्या गुरुवारी सत्तावीस भरले! दिवसभर ते वरचे नऊ किलोमीटर मोजत राहिलो. संध्याकाळी नीलमच्या गटातल्या रंगुबाई डोळ्यांत औषध घालून ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, तुमच्या नीलमनं डॉक्टरकडं नेऊन आणलं, लेकीनं केलं नसतं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दोन वेळा चहा पाजला. पण दुसऱ्या पहाटे बॅटरी पुन्हा माझ्या हातात.

नीलमचं काही चुकलेलं नाही. गटाच्या अकरा बायकांची फुलं ती यार्डात घालते, हिशोबात चोख, बोलण्यात गोड. फूल उत्पादक कंपनीचे विक्रमसाहेब तिला सल्ला विचारतात. यार्डात तिला मॅडम म्हणतात आणि मला मॅडमचे मिस्टर. मी त्या नावाला हसतो आणि घरी येऊन आकडे लिहितो. काय करू?

तुझा लोभ माझ्या या रूपावरही राहो.

तुझा,
मच्छिंद्र

दौंड
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. मच्छिंद्रास,
साखरअक्काचे अनेक आशीर्वाद. वि.वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा न्हाई. पत्र नीलमच्या संशयाचं म्हणतोस, पण त्यात नीलम दोन ओळी आणि बाकी सगळा तूच हायस. मॅडमचे मिस्टर हे तुझ्या काळजात रुतलंय.

आता माझं ऐक. तुझे दाजी रेल्वेत नाईटला असायचे तवा मी स्टेशनात जाऊन त्यांच्या ड्युटीचा तक्ता बघून यायची. डबा विसरले म्हणून निमित्त करायची. सहा महिने! तक्त्यात नाव दिसलं की दोन दिवस झोप, तिसऱ्या दिवशी पुन्हा स्टेशन. पुरावा म्हंजी खाज खाजवल्यासारखं. तेवढ्यापुरतं बरं, मग जास्तच. मी बघायची बंद झाले तवा पहिले आठ दिवस जीव नुसता उकळत व्हता. मग कमी झाला. आपोआप न्हाई, बघायला गेले न्हाई म्हणून.

तर तू आकडा वाचू नकोस. हात शिवशिवला की मला चार ओळी लिही. तिला आडून आडून विचारू नकोस, जेवलीस का, कुणासोबत जेवलीस, असलं. ती काळजी न्हाई, चौकशी हाय. आन् एक दिवस तिला सांग. पण 'मग तू जाऊ नको' हे पोटात ठेवून सांगू नकोस. भीती तुझी हाय, तिनं घरी बसून ती फेडायची न्हाई.

दाजी विचारत व्हते शेवंतीला काय भाव.

नीलमला माझी माया सांग, तुला थोडी कमीच.

साखरअक्का

मळा, शिरूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास शि.सा.न.

चार दिवस आकडा वाचला नाही! पहाटे गोठ्याकडं पाय वळायचे, तसा मी उलट फिरून शेवंतीला पाणी द्यायचो. रोपं सडतील एवढं पाणी. पण छातीतली धडधड वीसएक मिनिटांत आपली आपण उतरते, हे मला या वयात कळलं. आनंदानं मी एकटाच बांधावर हसत होतो.

आणि काल सगळं घालवलं. नीलम तोडणीला होती, फोन ओट्यावर. विक्रमसाहेबांचा आला, मी उचलला. तळेगावला पॉलिहाऊसमधल्या फुलांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे, तालुक्यातून एकच जागा, कंपनीनं नीलमचं नाव काढलंय. शुक्रवारी यादी बंद. मी म्हणालो, तिला जमायचं नाही, घरात अडचण आहे. इतक्या सहज म्हणालो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिला निरोप सांगितलाच नाही.

आकडे वाचत होतो तोवर मी फक्त स्वतःला पोळत होतो. आता तिच्या ताटातलं उचललं. आज दिवा लागला की वही घेऊन तिच्यासमोर बसणार आहे. हे पत्र टपालात टाकून मगच घरी जातो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

देवाजवळ माझ्यासाठी शब्द टाक.

मच्छिंद्र

मळा, शिरूर
गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. सौ. अक्कांस,
नीलमचा सा.न.वि.वि.

यांनी परवा मला सगळं सांगितलं. वही पुढं ठेवली, शेवटचं पान उघडून. रडले नाहीत आणि माफ कर म्हणून पायही धरले नाहीत, हे बरं केलं. नाहीतर मलाच त्यांची समजूत काढावी लागली असती.

अक्का, मला राग आला. अजून आहे. बावीस वर्षं संसार केला, आणि हा माणूस माझ्या गाडीचं मीटर बघतो! मी सांगितलं, मी कुठं गेले याचा जाब देणार नाही, काम सोडणार नाही. तुम्हाला भीती वाटली तर भीती वाटते म्हणा, मी ऐकीन. पण प्रश्न विचारलात तर उत्तर नाही. आणि ज्या तोंडानं नाही म्हणालात त्याच तोंडानं खरं सांगून या. मी फोन करणार नाही.

उद्या शेवटचा दिवस. अजून गेलेले नाहीत. सकाळपासून शेवंतीला पाणी देतायत. मला ती जागा फार हवी आहे, अक्का. घरात कुणाला सांगितलं नाही, पण बॅग भरून ठेवली आहे.

तुमच्या मायेची भुकेली,
नीलम

मळा, शिरूर
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास शि.सा.न.

गेलो! शुक्रवारी अकरा वाजता यार्डात गेलो. तिथं क्रेटच्या थप्पीमागं अर्धा तास उभा होतो. मग विक्रमसाहेबांपुढं जाऊन म्हणालो, घरात अडचण काही नव्हती, अडचण मीच होतो. खोटं बोललो, तिला विचारलंही नाही. ते तिशीचे असतील. कान लाल झाले त्यांचे. म्हणाले, काका, बरं झालं आलात, काकूंच्या जागी मी दुसरं नाव घालायलाच बसलो होतो.

काका आणि काकू! मला एवढं हायसं वाटलं की हसू फुटलं. पण अक्का, वाटेत मी ते हायसं वाटणं खाली टाकलं. उद्या तळेगावात काकू न म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याच्यावर माझी झोप टांगून ठेवायची नाही.

घरी येऊन सांगितलं. नीलम म्हणाली, बरं. एवढंच. राग पुरता गेलेला नाही आणि मी तो घालवायची घाई करत नाही. वहीचं पान फाडू का विचारलं तर म्हणाली, राहू दे, फाडलं की सोपं होईल.

आज पहाटे मी तिला स्कूटीवरून शिरूरच्या स्टँडवर सोडलं. बॅग मी धरली. गाडी हलताना तिनं खिडकीतून सांगितलं की शेवंतीला आता पाणी कमी द्या. सगळी गाडी ऐकत होती. गाडी हलायच्या आधीच मी तिला सांगितलं होतं, भीती वाटतेय, पण जा. ती म्हणाली, ऐकलं.

येताना सगळे नऊ किलोमीटर गाडीचं मीटर माझ्या डोळ्यांसमोर होतं. घरी येऊन नावं लिहिली, एकशे आठ, आणि वही मिटली. फोन केला नाही. संध्याकाळी तिचाच आला. अर्धा तास जरबेराच्या फुलांबद्दल बोलत होती, श्वास घेत नव्हती. मी एकच विचारलं, दांडा केवढा लांब असतो गं?

दाजींना सांग, शेवंती साठनं गेली.

तुझ्या लोभात आता नीलमचा वाटा मोठा असू दे, मला चालेल.

तुझा,
मच्छिंद्र