पाटावरचा पुलर

मंठा, दि. ८ ऑक्टोबर २०२५,
दुपारी चार वाजता, विजेच्या मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता.

ती. त्रिंबकमामांना अंगदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली. दुकानाची वहीपूजा दरवर्षी तेच करायचे. मी नुसती घंटा वाजवायचो. समोर पप्पूनं मोटार दुरुस्तीचं नवं दुकान टाकलंय. आपल्याकडे फक्त पुंजारामकाकांच्या कापसाच्या जिनिंग मिलचं काम उरलंय. ते गेलं की शटर ओढायचं. पूजेत काही चुकायला नको. सगळं क्रमानं लिहून पाठवा. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
अंगद

राजूर, दि. १३ ऑक्टोबर

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फूटपट्टी लावून लिहिल्यासारखं. मामी लई हसली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लाल कापड, तांदूळ, कलश मांड. आधी सुपारीचा गणपती. नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर 'श्री', खाली कुंकवाचं स्वस्तिक, दोन्हीकडं शुभ, लाभ. दौतीत महाकाली, वहीत सरस्वती, गल्ल्यात लक्ष्मी-कुबेर समजायचे. दौत नसली तर पेन ठेव. हत्यारं पुसून शेजारी मांड. सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता, फूल. मग धूप, दीप, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य, आरती.

पूजेतलं हत्यार तसंच उचलायचं न्हाई. सकाळी उत्तरपूजा: 'पुन्हा या' म्हणून अक्षता टाकायच्या, मांडणी जराशी हलवायची, की हत्यार मोकळं. मंग पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद.

तुझ्या बाबाला सांग, मेव्हणा अजून रुसलेला न्हाई. माया असू दे.

तुझा मामा,
त्रिंबक

मंठा, दि. २४ ऑक्टोबर,
सकाळी दहा वाजता, रिकाम्या दुकानात बसून.

ती. मामांना सा. न. वि. वि.

पूजा तुम्ही लिहिली तशीच झाली. आरती संपली आणि पुंजारामकाका आले. जिनिंगच्या मोटारीचं बेअरिंग गेल्तं, कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. बेअरिंग काढायचा आपला एकच पुलर, तो पाटावर. मी सकाळी येतो म्हणालो. ते म्हणाले, पोरा, कापूस बिलकुल थांबत न्हाई.

तेव्हा बाबा खुर्चीतून डाव्या हातानं पुलरवर अक्षता फेकायला लागले. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, पूजाच करून राह्यले. मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. काका पप्पूकडं गेले.

पाडव्याच्या सकाळी उत्तरपूजेला अक्षता हातात घेतल्या, तेव्हा कळलं. बाबा हत्यार मोकळं करून देत होते. तुमच्या पत्रातलं 'सकाळी' तेवढं मी धरून बसलो.

जिनिंगचं सगळं काम आता पप्पूकडं. बाबांना वाटी परत दिली, पण ते हात उचलत नाहीत. तुमचा काही दोष नाही. मला मात्र रागवा.

नव्या वहीचं पहिलं पान उतरवून देतो:
खर्च: पूजेचं साहित्य ४१० रुपये, वही ९० रुपये.
देणं: दुकानभाडं, दोन महिन्यांचं, ७,००० रुपये.
जमा: काही नाही.

अंगद