आपन

माय, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुझे शब्दच आठवावे लागतात, मग त्यांच्या मागून आवाज येतो. म्हणून आज शब्दांबद्दलच लिहिते आहे. तुला हसू येईल. तुला अक्षरओळख नव्हती आणि मी जन्मभर पोरांना मराठी शिकवत आले.

बाबा गेले तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. पासष्ट-सहासष्ट साल असावं. तू मला घेऊन नागपुरात मामाच्या घरी आलीस. समोरच्या खोलीत मामाचे दोन माग, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या अंधाऱ्या जागेत तू चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. दिवसभर माग खटखटत, म्हणून त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. तू मात्र माझ्याशी हळू बोलायचीस, कानाजवळ तोंड आणून. आपन आता इथंच राहू. आपन मामीले त्रास नाही द्याचा. आपल्याले भाकर भेटली ना, बस झालं. तुझ्या प्रत्येक वाक्यात ‘आपन’ असायचं आणि त्यात दोघीच असायच्या, तू आणि मी. मामीशी बोलताना तू ‘आमी’ म्हणायचीस. आमी दोघी मागाहून जेवतो, आमचं काही अडत नाही. तेव्हाही मी तुझ्याच बाजूला असायचे, फक्त मामी बाहेर राहायची. मला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ते कोणत्याच मुलाला सांगावं लागत नाही. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून बोललं तर आपण, त्याला वगळून बोललं तर आम्ही, एवढं बोलायला लागल्यापासून कळतं.

मग कन्हानचा तो माणूस आला. कोळशाच्या खाणीत नोकरी, बायको वारलेली, घरात हिंदी बोलणारा. मामानंच जुळवलं. तुझा त्याच्याशी पाट लागला तो घरातल्या घरात, चार माणसांत. त्यानंतर एका दुपारी तू चुलीपाशी उभी राहून मामाला म्हणालीस, “आमी सोमवारी जाऊन राहिलो, दादा.” मी दारात उभी होते. तू मामाशी बोलत होतीस, म्हणजे मामा वगळला गेला, इतकं मला कळलं. बाकी त्या ‘आमी’त कोण कोण, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. बाई की पुरुष, दोघं की तिघं, हे ‘राहिलो’वरून कळत नाही. मी ठरवून टाकलं की मी आहे. आजवर मी तुझ्या प्रत्येक ‘आमी’त होते, मग याच एकात कशी नसणार? माझे दोन झगे आणि बाबांची टोपी मी पिशवीत भरली. शेजारच्या मुलीला सांगून आले की आम्ही कन्हानला चाललो. मामीनं पिशवी पाहिली. त्या दिवशी तिनं मला तूप वाढलं. तिनं असं कधी वाढलं नव्हतं, तरी मला शंका आली नाही.

सोमवारी सकाळी तू नवं लुगडं नेसून माझ्यासमोर खाली बसतेस. माझी रिबन सोडून पुन्हा बांधतेस. तो माणूस अंगणात ट्रंक घेऊन उभा आहे. पिशवी माझ्या खांद्याला आहे, ती तू पाहतेस आणि नजर काढून घेतेस. मग म्हणतेस, “आमी जातो, पोरी. मामीचं ऐकजो. आमी येऊ तुले पाहाले.”

आता तू माझ्याशी बोलत होतीस. शब्द तोच होता, फक्त ऐकणारी मी होते. म्हणून बाहेरही मीच. मी रडले नाही. मी तुला विचारलं, काहून वं माय, आपन नाही का? तू म्हणालीस, “नाही वं, आमी.” त्यापेक्षा जास्त सांगायची गरज राहिली नाही, आणि तू सांगितलंही नाहीस. सावत्र पोर घरात नको अशी त्याच्या आईची अट होती, हे मला पुढे मामीकडून कळलं. कारण कळल्यानं काही हलकं झालं नाही.

तू आलीस मला पाहायला. वर्षातून एकदा-दोनदा, मग भाऊ झाल्यावर तेवढंही नाही. त्याची म्हातारी आई गेल्यावर मामा मला कन्हानला घेऊन आला. तू माझ्यासाठी पुरणपोळ्या केल्यास, तुझ्या नवऱ्यानं हिरव्या बांगड्या आणल्या. वाईट माणूस नव्हता तो. पण हात धुताना तू मला म्हणालीस की आमच्या इथं नळाले संध्याकाळीच पानी येते. आमच्या इथं. पाहुण्याला सांगतात तसं. आपल्या इथं म्हटलं असतंस तर मी त्या दिवशी परत आलेच नसते. जेवताना तो म्हणाला, हम सब साथ में खाएँगे. ‘सब’ म्हटल्यामुळे मला एक ताट मिळालं. पण नंतर तो म्हणाला, हमारा घर छोटा है, आणि मी विचार करत राहिले. हिंदीत एकच ‘हम’. ऐकणारा आत की बाहेर, हे त्यातून कळतच नाही. त्यानंतर तुझ्या तोंडी हिंदीच बसत गेली. दर भेटीत मराठी कमी. मला तर वाटायचं, तुला सोयीचंच झालं असेल ते.

मी शिकले, शाळेत लागले, लग्न केलं. लग्नाला तू आलीस आणि पाहुण्यांत बसलीस.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तुला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तोवर तुझा नवरा गेलेला. भाऊ औषधं आणायला गेला होता आणि वॉर्डात मी एकटी तुझ्या उशाशी होते. ताप उतरला तसे तुझे डोळे उघडले. तू म्हणालीस, ठीक हो गये तो हम घर चलेंगे. मी विचारलं, कोण कोण? तू पुन्हा म्हणालीस, हम. मी वाकून तुझ्या कानाशी म्हटलं, “मराठीत सांग ना वं माय. आमी का आपन?”

तू उशीवर मान माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालीस, “आपन आता कुठी जात नाही, बाई.”

किती वर्षांनी तो शब्द आला. मी तुझा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तेराव्यालाही मी त्याच शब्दाच्या आधारानं उभी होते. नंतर एकदा बाजारात एक म्हातारी भाजीवालीला म्हणाली, आपन नाही घेत असली वांगी, आणि तिच्यासोबत कोणीच नव्हतं. मी तिथंच थांबले. आपल्याकडं माणूस एकट्या स्वतःलाही आपन म्हणतो. क्रियापद तेच राहतं. तू कदाचित इतकंच सांगत होतीस की मी काही आता जगत नाही. त्यात तू एकटीच होतीस. किंवा मीही होते. वर्गात हिंदी घरातली मुलं मला म्हणतात, बाई, आम्ही आता डबा खाऊ या, आणि मी चूक सुधारते, आपण म्हणा, आपण. तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटतो.

भाऊ दिवाळीला येतो. तो तुझ्याजवळ वाढला. तू स्वतःला आपन म्हणायचीस की नाही, हे त्याला नक्की ठाऊक असणार. फराळाचं ताट पुढे करून विचारावं, एवढीच गोष्ट. मी अजून विचारलेलं नाही, माय, आणि विचारणारही नाही.