उंबऱ्याबाहेरचे बूट

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. राजेश्वरीअक्कास,
धाकट्या नंदीशचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घरी माझा फोन आला की सगळे स्पीकर लावून ऐकतात, म्हणून हे पत्र. अव्वा गावी बरी आहे, आईला शहरात करमत नाहीच. तू पाठवलेले, आत टाचेखाली गादी असलेले बूट मिळाले. घातल्यावर कपाटाचा वरचा कप्पा पहिल्यांदा नीट दिसला, लई धूळ आहे.

टॉवेलच्या कारखान्यात परवा परदेशी गिऱ्हाईक आलं होतं. माल मी काढला, भाव मी ठरवला. पण मालकांनी माहिती द्यायला मल्हारला उभं केलं. तो माझ्याच हाताखाली शिकला, पण सहा फुटी आहे. समोर वजन पडतं म्हणे. एरवीही लोक माझ्या टेबलापाशी येऊन साहेब कुटं हायत म्हणून मलाच विचारतात. आवाज चढवला तर बुटका चिडका म्हणतात, गप्प बसलो तर विसरतात.

लग्नाच्या साइटवर मुली उंचीची अट घालतात, त्याखालच्याचं नावच पुढे येत नाही. मला नकारही येत नाही अक्का, मी दिसतच नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
नंदीश

कुर्डुवाडी
१८ जानेवारी २०२५

चि. नंदीशला अनेक आशीर्वाद.

खरं सांगू? दाजींना पाहिलं तेव्हा मीही आधी उंचीच पाहिली होती. का, ते आजही नीट सांगता येत नाही. शेजारी उभं राहिल्यावर आधार वाटावा, चार बायकांनी जोडा शोभतो म्हणावं, एवढंच. उंच माणूस जास्त जपतो असं काही नसतं, हे लग्नानंतर कळलं. दाजी पालीला घाबरतात.

वैरागच्या मायाक्कांनी ऋतुजा नावाची शिक्षिका सुचवली आहे, पाच फूट चार इंच. तुझ्या बायोडेटात मी पाच-दोनचं पाच-पाच केलंय. रागावू नकोस, सगळेच वाढवतात. रविवारी जा, बूट घाल आणि खांदे पाडू नकोस.

तुझी काळजी करणारी,
अक्का

सोलापूर
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

आपण दोघंही शहाणे! बूट उंबऱ्याबाहेर काढावे लागतात हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अनवाणी आत गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि मग दाराकडे, बाकीचा मी मागून येतोय की काय म्हणून.

तीही पाच-चार नाही, पाच-सहा आहे. मुलांची वाढवतात तशी मुलींची कमी करतात. पोहे देताना ती खांदे आवळून, वाकून उभी होती. आम्हाला दोघांना अंगणात बोलायला पाठवलं, तर तिने विचारलं, फोटोत मी वाकू की तुम्ही पाटावर उभे राहाल? माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभर हेच ऐकलंय. घरी येऊन नकार कळवला. जोडा शोभत नाही, म्हणालो.

आता पुन्हा कुठे पाहू नकोस. एकट्याचं जेवण मला करता येतं.

नंदीश

कुर्डुवाडी
५ फेब्रुवारी २०२५

चि. नंदीश, आशीर्वाद.

मायाक्का भेटल्या. ऋतुजाचा होकार होता रे! उंचीपायी तिला आजवर सात ठिकाणांहून नकार आला. मुलापेक्षा मुलगी उंच चालत नाही. शाळेत असल्यापासून आई तिला वाकून चाल म्हणते. दारात तुझ्या बुटांतली गादी पाहून तिला वाटलं, हा तरी आपल्यासारखाच. म्हणून तिनं थट्टा केली, दोघांनी मिळून हसावं म्हणून. आणि तू तिला जोडा शोभत नाही म्हणालास. हे वाक्य तुला कुणी ऐकवलं असतं तर?

वाट बघू नकोस. स्वतः जा आणि साधी चप्पल घालून जा.

अक्का

सोलापूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

जायला मला दहा दिवस लागले. रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी काल साधी चप्पल घालून वैरागला गेलो. दारात मोठ्या मापाचे बूट होते. आत साखरपुड्याची बोलणी चालली होती. मुलगा अक्कलकोटचा, तिच्याहून चांगला वीतभर उंच.

तिच्या वडिलांनी मला ओळखलं, चहा दिला. वाटेने जात होतो, सहज आलो, असं सांगितलं. ऋतुजा पाणी घेऊन बाहेर आली आणि ओळखीचं हसली. मी पाणी पिऊन पेला परत दिला. आता तिला कुणी वाक म्हणणार नाही. ती ताठ उभी होती अक्का, आणि फार छान दिसत होती. अंगणात त्या दिवशी एवढंच सांगायला हवं होतं मी, की तुम्ही वाकू नका, मी आहे तसाच शेजारी उभा राहतो.

तू पाठवलेले बूट मल्हारलाही येत नाहीत, म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. स्टुलावर चढून.

तुझी माया आहे तशीच राहू दे. आणि पत्र लिहीत जा, घर फार शांत असतं.

तुझा,
नंदीश