मार्तीनाला उशिराच्या शुभेच्छा

२१ जुलै, मंगळवार

विसरलो. साफ विसरलो!

मेडिकलवाल्यानं गोळ्यांचं बिल दिलं, त्यावर आजची तारीख. वाचली आणि दुकानातच उभा राहिलो. अठरा जुलै होऊन गेली. मार्तीनाचा, माझ्या इटालियन सुनेचा, वाढदिवस.

घरी येऊन बायकोला, पद्मजाला म्हटलं, तू काहून आठवण करून दिली न्हाईस? म्हणाली, ‘‘मी शनिवारीच केला फोन. तुमीच सांगून ठेवलं होतं, यंदा मला कुणी आठवण करून द्यायची न्हाई, माझं मी बघतो. बघा आता.’’ आणि भाजी निवडायला बसली.

शनिवारी मी वसमतला, पुतण्याच्या साखरपुड्यात. जिलेबी खात होतो.

२२ जुलै, बुधवार

डोकं आज थंड आहे. विसरलो काहून ते कळलं.

आयुष्यभर मी वाढदिवस तिथीनं धरले. पोराचा, श्रेयसचा, कार्तिक शुद्ध षष्ठी, पद्मजाचा माघ वद्य द्वितीया. झोपेतून उठवून विचारा, सांगतो. तहसिलीत हेडक्लार्क होतो तेव्हा साहेबसुद्धा मुहूर्त मलाच विचारायचे. लग्न झाल्या झाल्या मार्तीनाची जन्मतारीख घेतली आणि तिथी काढली – आषाढ वद्य चतुर्थी. संकष्टीची पोर! मला इतका आनंद झाला की साऱ्या गल्लीला सांगितलं. माझी संकष्टी कधी चुकत न्हाई, म्हणजे हिचा वाढदिवसही चुकणार न्हाई.

गेल्या वर्षी संकष्टी आली चौदा जुलैला. मी सकाळीच इटलीला व्हिडिओ लावला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, ‘‘तान्ती आउगूरी, मार्तीना!’’ तिचा चेहरा पडला. मागं तिची आई उभी होती, तिनं चट्‌दिशी हात लांबवून खिडकीचा गज धरला. मला वाटलं बाईला चक्कर आली. श्रेयसनं नंतर सांगितलं – बाबा, इटलीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत न्हाईत. अपशकुन मानतात. मग लोखंडाला हात लावतात, म्हणजे बला टळते. उशिरा दिल्या तर काही न्हाई, पण आधी एक दिवसही न्हाई.

आणि दोन दिवसांनी मार्तीना सायकलवरून पडली. मनगट मोडलं.

ती मला काही बोलली न्हाई. तिचा स्वभावच न्हाई तो. पण त्या दिवसापासून ‘हॅलो बाबा, चाव बाबा’ एवढंच. एरवी पद्मजाशी शिकलेल्या मराठीत तासभर बोलेल. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून हे घर तिनं पाहिलं न्हाई. दिवाळीला या म्हटलं की श्रेयस म्हणतो, बघू. ते ‘बघू’ मला बराबर कळतं. सासरा अपशकुनी ठरला.

म्हणून यंदा ठरवलं की तिथी सोडायची, तारीख धरायची. तिच्या पद्धतीनं. पंचांगात तिचं पानही उघडून पाहिलं न्हाई. आणि नुसती तारीख काही डोक्यात राहिना! न उपवास, न चंद्र, कशाला धरून राहील ती?

बरं. झालं ते झालं. उशिरा चालतं ना त्यांना? मग मसुदा करतो. छत्तीस वर्षं मसुदे केले आहेत, हा एक काय जड आहे.

२३ जुलै, गुरुवार

मसुदा तयार. मराठीत असा – ‘तुझ्या जन्मदिनी शुभेच्छा देण्यास माझ्याकडून अक्षम्य विलंब झाला, याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. कृपया क्षमा असावी.’ मोबाइलमध्ये टाकला, त्यानं इटालियन करून दिलं. शेवटी मी मनाचं वाक्य जोडलं, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. त्याचं आलं – ‘ती आमो’. छोटं, गोड. खूश झालो.

नशीब, पाठवण्याआधी श्रेयसला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

‘‘बाबा, हे वीज कंपनीनं ग्राहकाला लिहिल्यासारखं झालंय. इटालियनमध्ये सुनेला ‘आपण’ म्हणताय तुमी. इतकी मोठी माफी मागितली तर तिला वाटेल खरंच कुणी गेलं. आणि ‘ती आमो’ नका लिहू, ते नवरा-बायकोत म्हणतात!’’

पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘मला तर चाळीस वर्षांत म्हटलं न्हाई.’’

मग त्यानं नीट समजावलं. उशिराच्या शुभेच्छा तिकडं हलक्या हातानं द्यायच्या. आधी शुभेच्छा, मग माफी, ती एका शब्दात – ‘स्कूझामी’, म्हणजे माफ कर, आपल्या माणसाला म्हणतात तसं. मग स्वतःचीच थोडी टिंगल. तिला अवघडायला लावायचं न्हाई, की तिनंच माझी समजूत काढत बसावं. मला पटलं हे. आपल्याकडंही उशिरा आलेला पाहुणा दारात रडत बसला तर घरच्यांचंच जेवण खोळंबतं.

‘‘आणि प्रेमाचं काय लिहू मग?’’

‘‘ ‘ती व्होल्यो बेने’ लिहा. आईबाप, भाऊबहीण, मित्र, सगळ्यांना चालतं. शब्दाला शब्द धरला तर – तुझं भलं इच्छितो.’’

अरे, हा तर आशीर्वादच झाला. ही भाषा मला आवडून राहिली.

एक कळेना. मी इतका खजील आणि हे पोरगं शेवटपर्यंत हसत होतं. विचारलं तर म्हणे, ‘‘काही न्हाई बाबा, पाठवा तुमी. मन हलकं होईल.’’

२४ जुलै, शुक्रवार

पाठवला. सकाळी पूजा आटोपून, पूजेच्या धोतरातच. इथं उतरून ठेवतो, माझ्या उच्चारांत –

कारा मार्तीना, (प्रिय मार्तीना,)
आउगूरी इन रितार्दो! (उशिराच्या शुभेच्छा!)
स्कूझामी, ओ ला मेमोर्या दी उन पेशे रोस्सो. (माफ कर, माझी आठवण लाल माशाची आहे.)
मेल्यो तार्दी के माई, नो? (कधीच न देण्यापेक्षा उशिरा बरं, न्हाई का?)
चेंतो दी क्वेस्ती जोर्नी. (असे शंभर दिवस येवोत.)
ती व्होल्यो बेने. बाबा

लाल मासा म्हणजे काचेच्या भांड्यातला सोनेरी मासा. भांड्याला एक चक्कर मारली की सगळं विसरतो म्हणतात. इटलीत विसराळू माणूस स्वतःला हेच म्हणवून घेतो. आमच्या कयाधू नदीत असला मासा न्हाई, पण माणूस आहे.

‘शंभर दिवस’ हे मला आधी कमी वाटलं. तीन महिने फक्त? श्रेयस म्हणाला, असे वाढदिवसाचे दिवस शंभर. म्हणजे शतायुषी भव. मग ठीक.

निळ्या खुणा लगेच झाल्या. तिनं वाचलं. दुपारपर्यंत उत्तर येईल.

२५ जुलै, शनिवार

न्हाई.

२६ जुलै, रविवार

पद्मजाला फोन आला तिचा. अर्धा तास. बटाट्याच्या भाजीत हिंग कधी टाकायचा, यावर. मी समोरच खुर्चीवर बसलो होतो, पेपर उघडून. माझ्या मेसेजबद्दल एक शब्द न्हाई. शेवटी ‘चाव बाबा’. मीही म्हटलं चाव.

पद्मजा म्हणाली, ‘‘काहून तोंड पाडून बसलात? पोरगी कामात असेल.’’

हिंगाला वेळ आहे.

२७ जुलै, सोमवार

मसुद्यात चूक न्हाई. मी पुन्हा वाचला. शब्द बराबर, क्रम बराबर, टिंगल बराबर. चूक मसुद्यात नसेल तर मग माणसात आहे. एकदा घाईनं अपशकुन केला, एकदा ढिलाईनं विसरलो. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं, की या म्हाताऱ्याला माझा दिवस काही साधत न्हाई.

हे लिहिताना वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बोलायचा न्हाई.

२९ जुलै, बुधवार

गुरुपौर्णिमा. हळदीच्या मार्केटपलीकडच्या मठात जाऊन आलो. गर्दी. येताना धर्मसिंग भेटला, आमच्या ऑफिसातला जुना शिपाई. विचारलं, सूनबाई कधी येऊन राहिली? सगळ्या हिंगोलीला सांगून ठेवलंय ना मी! म्हटलं, दिवाळीला. ठणकावून सांगितलं.

श्रेयसला फोन केला. तिकिटं काढली का? म्हणाला, ‘‘रविवारी सांगतो.’’ रविवारीच काहून? ‘‘तसंच.’’

म्हणजे तिला विचारणार, आणि ती न्हाई म्हणणार.

३१ जुलै, शुक्रवार

ठरवलं. न्हाई आली तर आमी जाऊ. पासपोर्ट काढायचा. वय झालं म्हणून काय झालं. तिच्या दारात उभा राहीन आणि तारखेलाच म्हणेन – आधी न्हाई, नंतर न्हाई. पद्मजाला सांगितलं. म्हणाली, ‘‘तारीख लक्षात राहील का?’’

आता आधी मोबाइलमध्ये गजर लावतो. पुढच्या वर्षीचा. लागतो म्हणे.

१ ऑगस्ट, शनिवार

उद्या संकष्टी. साबुदाणा भिजवायला सांगितला. सुपारी संपली होती, आणली.

२ ऑगस्ट, रविवार

दुपारी सुपारी कातरत बसलो होतो. व्हिडिओ आला. माझ्या फोनवर, पद्मजाच्या न्हाई. मार्तीना, साडी नेसलेली, वेडीवाकडी. मागं टेबलावर केक, न कापलेला. म्हणाली, ‘‘बाबा, आज माझा वाढदिवस. आषाढ वद्य चतुर्थी. यंदा जेठ दोन होते ना, अधिक महिना – म्हणून उशिरा आला. मी श्रेयसकडून शिकले. तारखेचा केक ऑफिसनं कापला. हा तुमच्यासाठी ठेवला. चंद्र इकडं फार उशिरा उगवतो, तोवर उपाशी आहे.’’

अधिक महिना. मला, पंचांगवाल्याला, सुचला न्हाई.

‘‘मग मेसेजचं उत्तर काहून न्हाई दिलंस?’’

‘‘कसं देऊ? तुमी परत आधीच दिल्या शुभेच्छा! आजपर्यंत घेता येत नव्हत्या. आता घेतल्या. दिवाळीची तिकिटं काढली, बाबा.’’

मी फोन पद्मजाकडं दिला. पुढचं तीच बोलली.

मार्तीनाच्या मनगटाला काही होऊ नये. लोखंडाचा अडकित्ता अजून हातातच आहे, एका हातानंच लिहून राहिलो. चंद्र निघेपर्यंत सोडायचा न्हाई.