सुमारे दहा मिलिमीटर

मी, श्रीमती शालिनी कृष्णराव ढमढेरे, वय चौसष्ट, राहणार जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही न सांगता लिहीत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. जयेंद्रगंजचे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व वरची गच्ची, माझी मुलगी उन्नती हिला द्यावे. बँकेतील ठेवी व माझे दागिनेही तिचेच. गच्चीवरचा मोगरा तिने न्यावा किंवा पाणी घालणारे माणूस ठेवावे.

२. माझे बंधू जयसिंहराव लग्नाच्या मांडवात म्हणाले होते, "कॉन्व्हेंटात शिकवली आणि खिळे विकायला दिली." त्यांना तीन इंची खिळ्यांचे एक पाकीट द्यावे. माझा राग गेला आहे, पण पाकीट द्यावेच.

३. दाल बाजारातील 'ढमढेरे हार्डवेअर' हे दुकान यजमानांच्या नोंदणीकृत मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या मालकीचे झाले. जाण्यापूर्वी ते मला तोंडी म्हणाले होते, "दुकान पुतण्याला, कान्होजीला विक. उत्कर्षला बोल्ट कळत नाही." त्यांची ही इच्छा मी पाळत नाही. कारण लिहिणे भाग आहे.

सन २०२१ मध्ये माझा मुलगा उत्कर्ष याने दुकानातला माल ऑनलाइन विकायला घेतला. फोटो तो काढी. इंग्रजी वर्णने मी लिही, कारण घरात इंग्रजी माझी चांगली. यजमान माल सुताने सांगत. एका इंचात आठ सूत. 'तीन सूत बोल्ट' म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. मी हिशोब केला, साडेनऊ मिलिमीटर आले. वाचायला बरे दिसावे म्हणून मी लिहिले, 'सुमारे दहा मिलिमीटर, चकचकीत आणि मजबूत'. उत्कर्षने त्यावरून आकाराच्या रकान्यात 'एम-१०', म्हणजे दहा मिलिमीटरचे मेट्रिक माप, भरले.

पंधरा दिवसांत चाळीस पाकिटे परत आली आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने आमचे खाते बंद करण्याची नोटीस पाठवली.

"बाबा, टेन एमएम ही तो लिखा था!" उत्कर्ष गल्ल्यापाशी उभा राहून म्हणाला.

यजमानांनी बोल्ट उचलला. काउंटरवरच्या फळीवर त्यांनी निरनिराळ्या मापांचे नट पक्के बसवून ठेवले होते. एम-१०च्या नटात त्यांनी तो फिरवला. दोन-तीन आटे सैलसर गेला आणि अडला. "बघ. तीन सुताला इंचात सोळा आटे. एम-१०चे आटे दीड मिलिमीटरवर. थोडासाच फरक, म्हणून फसवतो. जोर लावशील तर आटे मरतील. कोणी लिहिलं हे, 'सुमारे'? लोखंडात सुमारे नसतं रे, गधड्या!"

उत्कर्षने एकदा माझ्याकडे पाहिले. मी चहाचे कप गोळा करत होते. "मीच लिहिलं, बाबा," तो म्हणाला.

मी कप घेऊन आत गेले. अकराव्या दिवशी यजमान हृदयविकाराने गेले.

त्यानंतर उत्कर्षने व्हर्नियर आणि आटे मोजायचा पिच गेज आणला. दोन वर्षांत त्याने दुकानातली प्रत्येक वस्तू हाताने मोजून पुन्हा लिहिली. षट्कोनी बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात आणि चपट्या, लाकडात बुडणाऱ्या स्क्रूची डोक्यासकट, हे त्याने मला शिकवले. आज त्या बोल्टखाली असे आहे: 'तीन अष्टमांश इंच, बीएसडब्ल्यू (ब्रिटिश इंची आटे), इंचाला सोळा आटे, लांबी डोक्याखालून दोन इंच, माइल्ड स्टील, जस्ताचा मुलामा, पंचवीस नग. नट-वॉशर सोबत नाहीत. एम-१०च्या नटात वापरू नये.' त्यानंतर तो बोल्ट मापासाठी एकदाही परत आलेला नाही.

माझे इंग्रजी त्याने सगळे काढून टाकले. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही.

म्हणून लिहिते. 'सुमारे' हा शब्द माझा होता. यजमानांनी उत्कर्षला दिलेला दोष माझा होता, आणि त्यावर आधारलेली त्यांची इच्छा चुकीच्या मापावर उभी होती.

४. सबब दुकान, त्यातील सर्व माल, ऑनलाइन खाते आणि काउंटरवरची नटांची फळी माझा मुलगा उत्कर्ष कृष्णराव ढमढेरे याला एकट्याला द्यावी. कान्होजीने नेलेली दुकानाची लाकडी शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. त्याला एवढे पुरे.

५. हे मृत्युपत्र माझ्यामागे अमलात आणण्याचे काम उन्नतीने करावे. कलम तीन तिने दुकानात, गल्ल्यापाशी उभे राहून, उत्कर्षसमोर मोठ्याने वाचावे. मला ते तोंडाने जमले नाही.

६. माझ्या मिळकतीबद्दल या कागदात कोठेही सुमारे काही लिहिलेले नाही. वाचणाऱ्याने तपासून घ्यावे.

सही: शालिनी कृष्णराव ढमढेरे

आम्हां दोघांसमक्ष श्रीमती ढमढेरे यांनी वाचून सही केली. यातील कशातही आमचा वाटा नाही.
साक्षीदार १: डॉ. यशश्री अभिराम टोकेकर, जयेंद्रगंज
साक्षीदार २: संग्रामसिंह मानाजीराव जाधव, मुरार

ग्वाल्हेर, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५